अकाउंट वारंवार लॉक होतंय: हेल्पडेस्कला मेल कसा लिहावा

प्रश्न: आठवड्यातून दोन-तीनदा ऑफिसात लॉगिन होत नाही. हेल्पडेस्कला मेल टाकला की दहा मिनिटांत सुरू करून देतात आणि तिकीट बंद करतात. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी हिशेबातला माणूस, तांत्रिक काही कळत नाही. मेल कसा लिहू म्हणजे ते मुळापर्यंत जातील? मराठीत लिहिला तर चालेल का?

उत्तर:

मी चौदा वर्षं हेल्पडेस्कच्या त्या बाजूला बसतोय. आधी फोन उचलणारा होतो, आता फोन उचलणाऱ्यांना न सुटलेलं माझ्याकडे येतं. त्यामुळे आधी तुमचं तिकीट दहा मिनिटांत बंद का होतं ते सांगतो. कारण आळस हे नाही. "लॉगिन होत नाही" असं लिहिलेलं तिकीट आलं की पहिल्या फळीतला मुलगा तुमचं अकाउंट उघडून बघतो, ते लॉक दिसतं, तो एक टिचकी मारून ते उघडतो, तुम्हाला फोन करतो, तुम्ही "हो, झालं" म्हणता. त्याच्या दृष्टीने काम झालं. तिकीट उघडल्यापासून किती मिनिटांत बंद झालं याचा त्याला हिशेब द्यावा लागतो, आणि कालच्या तिकिटावर दुसरा कोणीतरी बसलेला होता. तुम्हाला ही एक सलग गोष्ट दिसते. त्याला मात्र ती चार वेगवेगळी, यशस्वीपणे सोडवलेली तिकिटं दिसतात.

म्हणजे तुमच्या मेलने एकच काम करायचं आहे: अकाउंट "उघडून द्या" या रांगेतून तुमची तक्रार उचलून "कशाने बंद होतंय ते शोधा" या रांगेत टाकायची. कंपन्यांत या दोन रांगा खरोखर वेगळ्या असतात. एकदा घडलेल्या बिघाडाला इन्सिडंट म्हणतात, आणि तोच बिघाड परत परत होतो त्यामागच्या कारणाला प्रॉब्लेम. दुसऱ्या रांगेतल्या माणसाकडे सर्व्हरच्या नोंदी बघायचा अधिकार असतो, पहिल्याकडे बहुधा नसतो. पण त्या दुसऱ्या माणसाने नोंदी उघडल्यावर नक्की कुठे बघायचं, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. त्यासाठी तंत्र कळावं लागत नाही, घड्याळ बघता आलं पाहिजे.

आता एक कबुली. तुम्हाला स्क्रीनवर नक्की काय संदेश येतो ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर ठरतं. `The user name or password is incorrect` असा संदेश असेल तर सर्व्हर म्हणतोय की टाइप केलेला पासवर्ड चुकला. `We can't sign you in with this credential because your domain isn't available` असेल तर पासवर्डचा प्रश्नच नाही, लॅपटॉप ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत पोचलेला नाही. आणि `The referenced account is currently locked out and may not be logged on to` असेल तर पासवर्ड बरोबर असो वा चूक, सर्व्हर तुमच्याशी बोलायलाच तयार नाही, कारण थोड्या वेळापूर्वी तुमच्या नावाने कोणीतरी लागोपाठ चुकीचा पासवर्ड दिला. तिन्ही वेळा माणूस घरी जाऊन "लॉगिन झालं नाही" एवढंच सांगतो, पण आमच्यासाठी हे तीन वेगळे आजार आहेत. दहा मिनिटांत सुरू होतं आणि दोन दिवसांनी परत, या तुमच्या वर्णनावरून मी तिसरा धरून चाललोय. विंडोजचं ऑफिस आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे सगळ्यांची अकाउंट एका ठिकाणी सर्व्हरवर ठेवणारी व्यवस्था, असेल तर हेच सगळ्यात जास्त दिसतं.

"कोणीतरी" म्हटल्यावर घाबरू नका. शंभरात बहुतेक वेळा तो चोर नसतो, तुमचंच एखादं यंत्र असतं. कुठेतरी तुमचा जुना पासवर्ड साठवलेला राहिलाय आणि ते बिचारं इमानेइतबारे तोच देत राहतं. फोनमधलं ऑफिसचं वायफाय, जुन्या टॅबवरचा मेल, बंद न करता तसंच सोडलेलं रिमोट सेशन, एखादा नेटवर्क ड्राइव्ह. ठरावीक चुका झाल्या की सर्व्हर अकाउंट बंद करतो. किती चुकांना आणि किती वेळासाठी, हे प्रत्येक कंपनी ठरवते. कमांड प्रॉम्प्ट उघडायला तुमच्याकडे बंदी नसेल तर ऑफिसच्या नेटवर्कवर असताना ही ओळ चालवून बघा:

```
net accounts /domain
```

त्यात `Lockout threshold` म्हणजे किती चुका, आणि `Lockout duration` म्हणजे किती मिनिटं. बंदी असेल तर सोडून द्या, याच्याशिवायही मेल होतो.

एक खरं प्रकरण सांगतो, कारण मेल कसा असावा आणि चांगल्या मेलमध्येही काय सुटतं, हे दोन्ही त्यात आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. लेखा विभागातल्या एक ताई होत्या. त्यांचा पहिला मेल असा होता: "सर, परत लॉगिन होत नाही. महिनाअखेर आहे, फार अर्जंट आहे, कृपया लवकर बघा." यात खोटं काहीच नाही, आणि उपयोगाचंही काही नाही. "परत" म्हणजे कधी? "अर्जंट" म्हटल्यावर समोरचा माणूस सगळ्यात जलद होणारी गोष्ट करणार, म्हणजे अनलॉक. त्याने तेच केलं.

पाचव्या वेळी त्या चिडून माझ्या टेबलाशी आल्या. मी म्हटलं, बसा, आपण दोघं मिळून लिहू. तो मेल जवळपास जसाच्या तसा खाली देतोय, फक्त ओळख पटेल असं सगळं बदललंय.

> विषय: १८ जुलैपासून पाचव्यांदा अकाउंट लॉक. कारण शोधावे (आधीची तिकिटे INC41872, INC41903, INC41960)
>
> आयटी हेल्पडेस्क, नमस्कार.
>
> माझे अकाउंट गेल्या सहा कामाच्या दिवसांत पाच वेळा लॉक झाले. कळवले तेव्हा आपण लगेच उघडून दिलेत, त्याबद्दल आभार. पण ते पुन्हा लॉक होते. या वेळी उघडून देण्याबरोबरच ते कोणत्या यंत्रावरून लॉक होते हे पाहावे, ही विनंती.
>
> युजर आयडी: `acc017`. लॅपटॉप: `PUN-LT-0231`. जागा: दुसरा मजला, लेखा विभाग. टेबलावर नेटची केबल आहे, लॅपटॉप वायफायवर नसतो.
>
> स्क्रीनवरचा संदेश, अक्षरशः: `The referenced account is currently locked out and may not be logged on to.` पाचही वेळा हाच. पासवर्ड पहिल्यांदा टाइप केल्यावरच येतो. फोटो जोडला आहे.
>
> वेळा (शेवटचे ठीक चालले ते कधी, आणि पहिल्यांदा अडले ते कधी):
> गुरुवार १८ जुलै: आदल्या संध्याकाळी ६.१५ ला ठीक, सकाळी ९.२५ ला अडले.
> सोमवार २२ जुलै: शुक्रवारी संध्याकाळी घरून ठीक, सकाळी ९.३० ला अडले. उघडून मिळाल्यावर दुपारी १.१० पर्यंत ठीक, २.०५ ला पुन्हा अडले.
> बुधवार २४ जुलै: सकाळी काही त्रास नाही. दुपारी १.१० ला स्क्रीन लॉक करून जेवायला गेले, २.०० ला आल्यावर अडले.
> गुरुवार २५ जुलै (आज): सकाळी ९.२० ला अडले.
> शुक्रवार १९ आणि मंगळवार २३ ला घरून काम केले. दोन्ही दिवस व्हीपीएन जोडला, मेल आणि सर्व्हरचे फोल्डर दिवसभर चालले. एकदाही अडले नाही.
>
> काय करून पाहिले:
> १८ ला कोणालाही न सांगता थांबले. ९.५५ ला पुन्हा प्रयत्न केला, आपोआप सुरू झाले.
> २२ ला लॅपटॉप दोनदा रिस्टार्ट केला. फरक नाही.
> २४ ला आपण पासवर्ड बदलून दिलात. नवा पासवर्ड मी लॅपटॉपवर, मोबाइलमधल्या ऑफिस मेलला आणि मोबाइलच्या वायफायला टाकला. तरी आज सकाळी लॉक झाले.
> आज शेजारच्या रिकाम्या डेस्कटॉपवर माझ्या आयडीने प्रयत्न केला. तोच संदेश.
> लॅपटॉपमधले साठवलेले पासवर्ड मी पुसलेले नाहीत. आपण सांगितल्याशिवाय पुसणार नाही.
>
> त्या सुमारास काय बदलले: पासवर्ड याआधी १० जूनला बदलला होता, तेव्हा त्रास नव्हता. १५ जुलैला माझी जागा तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर आली.
>
> आज सायंकाळी ६ पर्यंत जागेवर आहे, विस्तार क्र. २३१. उद्या घरून काम आहे.

एवढाच मेल. वाचायला दीड मिनिट लागतं. आता यातली कोणती ओळ कोणाला काय सांगते ते बघू. सगळ्या ओळींना सारखं महत्त्व नाही.

विषयात "पाचव्यांदा" आणि जुन्या तिकिटांचे नंबर आहेत. हे नंबर दिसले की पहिल्या फळीतल्या मुलालाही कळतं की याचं साधं अनलॉक केलं तर उद्या सहावं येणार, आणि मग विचारणा त्याच्याकडे होणार. जुने नंबर सापडत नसतील तर मेलमध्ये शोधा. तिकीट उघडल्याचा आपोआप येणारा मेल बहुतेक ठिकाणी असतो.

संदेश टाइप करून लिहा, नुसता फोटो जोडू नका. लॉगिन स्क्रीनवर स्क्रीनशॉट निघत नाही म्हणून मोबाइलने फोटो काढावा लागतो, तो काढाच. पण तिकिटांच्या प्रणालीत शोध अक्षरांवर चालतो. हा संदेश तिकिटात टाइप केलेला असेल तर दुसऱ्या कोणाला तोच त्रास होतोय का हे आम्हाला एका शोधात दिसतं. आणि फोटो पाठवण्यापूर्वी त्याच्या कडेला बघा. मॉनिटरच्या चौकटीला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीसकट आलेले फोटो मी पाहिलेत, आणि चिठ्ठीवर काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. पासवर्ड मेलमध्ये कधीच लिहायचा नाही, "तुम्हाला बघायला बरं पडेल" म्हणूनसुद्धा नाही.

आता वेळा. मेलचा जीव इथे आहे. अकाउंट लॉक झालं की सर्व्हरवर त्याची जी नोंद होते तिचा क्रमांक `4740`. त्या नोंदीत कोणाचं अकाउंट, किती वाजता आणि `Caller Computer Name`, म्हणजे कोणत्या यंत्राकडून चुकीचे पासवर्ड आले, हे असतं. तुम्ही विचारताय त्या "मुळा"चा शोध त्या एका ओळीपासून सुरू होतो. अडचण अशी की मोठ्या ऑफिसात या सर्व्हरवर दिवसाला प्रचंड नोंदी पडतात आणि ठरलेली जागा भरली की जुन्यांवर नव्या लिहिल्या जातात. काही ठिकाणी नोंदी महिनाभर टिकतात, काही ठिकाणी दुसऱ्या दिवशीसुद्धा मिळत नाहीत. म्हणून "गेल्या आठवड्यात कधीतरी" याचा आम्हाला उपयोग नाही, आणि म्हणूनच मेल घडल्या दिवशीच जायला हवा. "आठवडाभराचं एकत्र लिहून शुक्रवारी पाठवते" असं करू नका. यादी वाढवत राहा, पण आजचा मेल आज पाठवा.

ताईंनी एकच वेळ लिहिली नाही, दोन लिहिल्या: शेवटचं कधी ठीक होतं आणि पहिल्यांदा कधी अडलं. कारण तुम्ही पासवर्ड टाकता त्या क्षणी अकाउंट लॉक होत नाही. ते आधीच झालेलं असतं, तुम्हाला तेव्हा कळतं. २४ तारखेला ते १.१० ते २.०० या पन्नास मिनिटांत कधीतरी झालं. आम्हाला नोंदी तेवढ्याच खिडकीत शोधायच्या आहेत.

१८ तारखेची "थांबले आणि आपोआप सुरू झाले" ही ओळ ताई लिहिणारच नव्हत्या. म्हणाल्या, त्यात मी काय केलं? पण त्यावरून दोन गोष्टी कळतात. लॉक सर्व्हरकडचं आहे, लॅपटॉप बिघडलेला नाही. आणि त्या अर्ध्या तासानंतर जुना पासवर्ड देणारं यंत्र गप्प झालेलं होतं, नाहीतर ते लगेच पुन्हा लॉक झालं असतं. शेजारच्या डेस्कटॉपवरचा प्रयोगही तसाच. एका प्रयत्नात पक्कं झालं की लॉक अकाउंटलाच आहे, त्या लॅपटॉपपुरतं नाही. हा प्रयोग स्वतःच्या आयडीने करा. शेजाऱ्याच्या आयडीने काम चालवणं हे वेगळं प्रकरण होतं आणि ते तुमच्या अंगाशी येतं.

घरच्या दिवसांबद्दलचं वाक्य मी मुद्दाम लांब लिहायला लावलं. घरी लॅपटॉप सुरू करताना तो ऑफिसच्या सर्व्हरला विचारतच नाही. मागच्या यशस्वी लॉगिनची खूण त्याच्यात साठवलेली असते, तिच्याशी पासवर्ड जुळवतो आणि आत घेतो. म्हणजे अकाउंट लॉक असलं तरी घरी लॉगिन होऊ शकतं! म्हणून "घरी त्रास नाही" एवढ्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. "व्हीपीएन जोडला, मेल आणि फोल्डर दिवसभर चालले" यावर ठेवतो, कारण त्यासाठी सर्व्हरचा होकार लागतोच. तसंच जेवणानंतरचं. त्या कंपनीत लॉक केलेली स्क्रीन उघडतानाही सर्व्हरला विचारलं जातं. सगळीकडे तसं नसतं. काही ठिकाणी स्क्रीन उघडते आणि मग मेल किंवा ड्राइव्ह पासवर्ड मागायला लागतो. तुमच्याकडे जे होतं ते, जिथे अडतं तिथलं नाव घेऊन लिहा.

"काय करून पाहिले" या भागात प्रत्येक गोष्टीपुढे तिचा परिणाम आहे, फरक पडला नाही तर तेही. "सगळं करून बघितलं" हे वाक्य वाचल्यावर मी सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला लावतो, नाइलाज असतो. आणि न केलेलंही लिहा. इंटरनेटवर वाचून लोक क्रेडेन्शियल मॅनेजर उघडतात आणि साठवलेलं सगळं पुसतात. कधी त्याने बरं वाटतं, पण मग पुरावा गेला. महिन्याने पुन्हा झालं तर कशामुळे ते कोणालाच सांगता येत नाही. साठवलेले पासवर्ड कोणकोणत्या नावाने आहेत हे न पुसता बघायचं असेल तर हे पुरतं, यात पासवर्ड दिसत नाहीत:

```
whoami
hostname
cmdkey /list
```

पहिल्या दोन ओळींनी तुमचा आयडी आणि लॅपटॉपचं नाव मिळतं. ते मेलमध्ये हाताने लिहिण्यापेक्षा इथून उचलून चिकटवा. `0` आणि `O` यांच्या घोळात माझे तास गेलेत.

आता त्या मेलचं पुढे काय झालं ते. २५ तारखेला दुपारीच तो माझ्या सहकाऱ्याकडे आला. त्याने सकाळी ९.२० च्या आधीच्या नोंदी काढल्या. ९.१२ ला `4740` मिळाली. `Caller Computer Name` मध्ये ताईंच्या लॅपटॉपचं नाव नव्हतं. तिथे आमच्या वायफायचे पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरचं नाव होतं. म्हणजे चुकीचा पासवर्ड वायफायवरून येत होता, आणि ताईंचा लॅपटॉप तर केबलवर. ती "लॅपटॉप वायफायवर नसतो" ही ओळ इथे कामी आली.

मग त्या वायफाय सर्व्हरच्या नोंदी. नकार दिल्याची नोंद तिथे `6273` क्रमांकाने पडते, आणि तिच्यात `Calling Station Identifier` म्हणून जोडू पाहणाऱ्या यंत्राचा पत्ता असतो, बारा अक्षर-आकड्यांचा. ९.०९ ते ९.१२ या वेळात पाच नकार होते, पाचही एकाच पत्त्याचे. त्या कंपनीत पाच चुकांना लॉक आहे. हिशेब जुळला.

सहकाऱ्याने ताईंना फोनच्या वायफाय सेटिंगमधला पत्ता वाचायला सांगितला. जुळेना. त्याने नोंदीतला पत्ता नीट बघितला. त्याचं दुसरं अक्षर `A` होतं. दुसऱ्या जागी `2`, `6`, `A` किंवा `E` असेल तर तो पत्ता कारखान्यातून आलेला नसतो, फोनने त्या नेटवर्कपुरता स्वतः बनवलेला असतो. गेल्या काही वर्षांतले फोन गोपनीयतेसाठी असं करतात. त्यामुळे कंपनीच्या यादीत तो कोणाचाच म्हणून सापडणार नव्हता. पण हा संगणक नसून मोबाइल किंवा टॅब असावा असा अंदाज बांधता आला, आणि ताईंच्या हातातला तो नव्हता.

मग त्याने एक साधा प्रश्न विचारला, जो मी मेल लिहिताना विचारायला हवा होता: "ताई, तुमच्याकडे दुसरा फोन आहे का?"

पर्समध्ये होता. बँकेचे ओटीपी ज्या नंबरवर येतात ते सिम नव्या फोनमध्ये नीट चालेना म्हणून त्यांनी १८ जुलैला ते जुन्या फोनमध्ये घातलं आणि तेव्हापासून तो पर्समध्ये ठेवायला लागल्या. त्या फोनमध्ये ऑफिसचं वायफाय जुन्या, जूनच्याही आधीच्या पासवर्डसह साठवलेलं होतं. ऑफिसच्या दारात शिरलं की तो जोडायला जाई, नकार येई, पाच वेळा झालं की अकाउंट बंद. मग फोन प्रयत्न सोडून देई. जेवायला त्या पलीकडच्या इमारतीतल्या कँटीनला जात, तिथे आमचं वायफाय पोचत नाही. परत आल्या की रेंज नव्याने सापडली म्हणून फोन पुन्हा उत्साहाने सुरू. २४ ला सकाळी का नाही झालं? फोनची बॅटरी संपली होती, तो त्यांनी टेबलावर दुपारी चार्जिंगला लावला आणि मग पर्समध्ये टाकला. आणि १८ ला दुपारी? डबा जागेवरच खाल्ला होता, हे त्यांना नंतर आठवलं.

फोनमधून ते नेटवर्क काढून टाकायला अर्धं मिनिट लागलं.

या प्रकरणात मेलमधली चूक माझी होती, आणि तुमच्या मेलमध्ये ती होऊ नये म्हणून सांगतो. "त्या सुमारास काय बदलले" याखाली आम्ही पासवर्डची तारीख आणि जागाबदल लिहिला, म्हणजे ऑफिसशी संबंधित गोष्टी. जागाबदलाच्या मागे सहकाऱ्याचा पाऊण तास गेला, नव्या टेबलाच्या केबलपर्यंत तो पोचला होता. आणि "मोबाइलच्या वायफायला नवा पासवर्ड टाकला" हे वाक्य वाचून त्याने मोबाइलवरचा संशयच सोडला होता. वाक्य खरं होतं, पण एका मोबाइलबद्दल. म्हणून तुमच्या मेलमध्ये एक ओळ जास्त घाला: हा आयडी आजवर ज्या ज्या यंत्रात टाकलाय त्या सगळ्यांची यादी, आणि त्यांतली कोणती ऑफिसात तुमच्याबरोबर येतात. जुना फोन, मुलांना दिलेला टॅब, मीटिंग रूमचा संगणक, घड्याळसुद्धा. "वापरत नाही" असं वाटणारी यंत्रं आधी लिहा. पासवर्ड बदलल्याला महिना झाला म्हणून त्याचा संबंध नाही असंही धरू नका. जुना पासवर्ड फोनमध्ये महिनोन्‌महिने निवांत पडून राहतो, तो फोन ऑफिसात येईपर्यंत.

तुमच्या सगळ्या वेळा सकाळच्याच असतील तर आधी असंच काही शोधा, म्हणजे दारातून आत येताना तुमच्याबरोबर काय येतं. त्या रोज ठरावीक मिनिटाला, अगदी ९.०० किंवा १०.३० ला असतील तर मला एखादं आपोआप चालणारं काम किंवा सर्व्हरवर उघडं राहिलेलं सेशन वाटेल. आणि तुम्ही ऑफिसात नसताना, रात्री-बेरात्री लॉक होत असेल, तर मात्र मेल लिहीत बसू नका, फोन करा. ते बाहेरून कोणीतरी पासवर्ड चाचपडत असल्याचं लक्षण असू शकतं. त्याच काळात "हेल्पडेस्कमधून बोलतोय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या आणि कंपनीच्या नंबरवर तुम्ही स्वतः करा.

लॉगिनच होत नाही तर मेल पाठवायचा कुठून? फोन करून तिकीट उघडून घ्या, नंबर लिहून ठेवा, अकाउंट उघडलं की त्याच तिकिटाला उत्तर म्हणून हा सविस्तर मेल पाठवा. तोवर ते "सुटले" म्हणून बंद केलेलं असेल, तरी बहुतेक प्रणालींत उत्तर दिलं की ते पुन्हा उघडतं. नाही उघडलं तर नवीन काढा आणि जुना नंबर विषयात घाला. लॉक असताना पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकत बसू नका. त्याने काही लवकर उघडत नाही.

भाषेचं म्हणाल तर हेल्पडेस्क कोण चालवतं ते बघा. आमच्यासारखा इथलाच असेल तर मराठीत बिनधास्त लिहा. मोडक्या इंग्रजीत लिहिलेल्या मेलपेक्षा नीट मराठीतला मेल मला लवकर कळतो. काम बाहेरच्या राज्यातल्या कंपनीला दिलं असेल तर इंग्रजीत लिहा, क्रम हाच ठेवा. संदेश मात्र दोन्ही वेळा स्क्रीनवर होता तसाच, भाषांतर न करता. "खाते कुलूपबंद आहे" असं लिहिलेलं तिकीट एकदा आमच्याकडे आलं आणि मुलांनी ते बँकेच्या अ‍ॅपचं समजून परत पाठवलं.

आणि कारण सापडलं असं हेल्पडेस्कने कळवलं की "बंद करू का?" याला लगेच हो म्हणू नका. ताईंचा त्रास फक्त ऑफिसच्या दिवशी होता, म्हणून आम्ही पुढच्या सोमवारची सकाळ आणि दुपार, आणि बुधवारची दुपार जाऊ दिली. बुधवारी सव्वादोनला त्यांचा एका ओळीचा मेल आला: "कँटीनला जाऊन आले, फोन पर्समध्येच होता, उघडले." त्यावर तिकीट बंद केलं.